मानशीची फळी आणि शब्द-त्रुटी-दर: पेडण्यातील मुलाखतींच्या कॅप्शनचा हिशेब

गोव्यातील पेडणे तालुक्यातील एका वाचनालयाकडे गावातील वृद्धांच्या मुलाखती, व्याख्याने आणि गप्पा यांचे सुमारे ३६ तासांचे चित्रीकरण साठले होते. विषय बहुतांशी जुनी शेती, भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून पिकवलेल्या खाजन जमिनी, १९६४ चा कूळ कायदा, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा १९७५ चा मुंडकार कायदा आणि गोव्याच्या विलीनीकरणावरचा १९६७ चा जनमत कौल असे होते. वाचनालयाला ही सगळी चित्रीकरणे मराठी कॅप्शनसह खुली करायची होती. एका स्वयंचलित प्रणालीतून कॅप्शन काढून झाली होती, पण ती वाचताना कुठे ओळीमागून ओळी बरोबर निघत, तर कुठे संपूर्ण परिच्छेद निरर्थक निघे. समितीपुढील प्रश्न साधा होता: ही कॅप्शन दुरुस्त करावीत की सरळ नव्याने टंकित करावीत, आणि त्याला माणसांचे किती तास लागतील? मोजणीची बाजू माझ्याकडे आली, तेव्हा ‘अचूकता किती टक्के’ असा एकच आकडा द्यावा अशी अपेक्षा होती. तो आकडा या कामाला का पुरला नाही आणि त्याऐवजी काय मोजले, याचा हा वृत्तांत आहे.

शब्द-त्रुटी-दर काढण्याची रीत जुनी आहे. माणसाने ऐकून लिहिलेली खरी प्रत आणि यंत्राची प्रत शब्दाला शब्द लावून जुळवायच्या. मग किती शब्द बदलले, किती गळले आणि किती वाढीव आले हे मोजून त्यांच्या बेरजेला खऱ्या प्रतीतील एकूण शब्दांनी भागायचे. जुळणी अशी निवडायची की ही बेरीज कमीत कमी यावी, आणि हे काम `jiwer` हे छोटे पायथन-साधन आपोआप करते. भागाकार खऱ्या प्रतीच्या शब्दसंख्येने होत असल्यामुळे हा दर शंभर टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो. आमच्या एका तुकड्यात वक्ता बोलायचा थांबून घुमट वाजवून दाखवतो. तिथे बोललेले शब्द अवघे ४०, परंतु यंत्राने वादनाच्या आवाजावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून ४८ शब्द वाढीव घातले, त्यात ४ बदललेले आणि २ गळलेले मिळवल्यावर ५४ भागिले ४०, म्हणजे १३५ टक्के झाले. असे तुकडे सरासरीत नुसते मिसळले तर आकडा फुगतो. म्हणून गटाचा दर काढताना तुकड्यांच्या टक्केवारीची सरासरी न घेता सर्व तुकड्यांतील चुकांची बेरीज सर्व शब्दांच्या बेरजेने भागली.

नमुना असा घेतला. चित्रीकरणांचे आधी तीन गट पाडले: सभागृहात माईकवर दिलेली तयारीची व्याख्याने (१४ तास), घरी बसून एका व्यक्तीने सांगितलेल्या आठवणी (१५ तास) आणि मांडवात किंवा ओसरीवर चार-पाच जणांनी मिळून मारलेल्या गप्पा (७ तास). प्रत्येक गटातून दोन-दोन मिनिटांचे दहा तुकडे वेगवेगळ्या चित्रीकरणांतून, सुरुवातीची वेळ चिठ्ठी टाकावी तशी निवडून घेतले. चित्रीकरणाची पहिली दोन मिनिटे घेण्याचा मोह टाळला, कारण तिथे नाव-गाव-प्रास्ताविक असते आणि यंत्राला ते सर्वांत चांगले जमते. मिनिटाला साधारण ११० शब्द या हिशेबाने प्रत्येक गटाचे सुमारे २,२०० शब्द हाती आले. या साठ मिनिटांची खरी प्रत करण्याचे श्रम वाया जात नाहीत, कारण तीच पुढे अंतिम कॅप्शन म्हणून वापरता येते.

खरी प्रत कोण करतो याला फार महत्त्व आहे. आम्ही दोघांकडून स्वतंत्रपणे करून घेतली: एक पेडण्यातच वाढलेल्या निवृत्त शिक्षिका, दुसरा पणजीत शिकणारा विद्यार्थी. पहिल्याच आठवणीत चापोरा नदीकाठचा एक शेतकरी सांगतो, “पावसाच्या आधी मानशीची फळी बदलली नाही तर खाजनात खारं पाणी चढतं.” मानस म्हणजे खाजनाच्या बांधातील पाण्याचे दार, भरतीला मिटते, ओहोटीला उघडते. विद्यार्थ्याने तिथे ‘माणसाची फळी’ लिहिले होते, आणि यंत्रानेही नेमके तेच लिहिले होते. बाईंनी प्रत पाहिली आणि म्हणाल्या, “अरे, माणसाची कसली फळी? मानशीची. दार असतं ते बांधाला.” त्याची एकट्याची प्रत खरी मानली असती, तर यंत्राची ही चूक बरोबर उत्तरात जमा झाली असती. दोघांच्या प्रतींत व्याख्यानांत ३, आठवणींत ५ आणि गप्पांत ११ टक्के शब्दांचा फरक निघाला. फरकाच्या जागा दोघांनी बसून पुन्हा ऐकल्या आणि एकमताने प्रत ठरवली. गप्पांमध्ये माणसांतच एवढा फरक असेल तर त्या गटाचा यंत्राचा दर दोन-चार टक्क्यांच्या बारकाईने वाचण्यात अर्थ नाही, हेही त्यातूनच कळले.

आता हेच वाक्य यंत्राच्या प्रतीत कसे आले ते पाहू: “पावसाच्या आधी माणसाची फळी बदलली तर खजिन्यात खारे पाणी चढते.” खऱ्या प्रतीत ११ शब्द आहेत. ‘मानशीची’, ‘खाजनात’, ‘खारं’ आणि ‘चढतं’ हे चार शब्द बदलले आणि ‘नाही’ गळला. सरळ मोजले तर ५ भागिले ११, म्हणजे ४५ टक्के. पण ‘खारं’च्या जागी ‘खारे’ आणि ‘चढतं’च्या जागी ‘चढते’ आले, तर आमच्या दुरुस्ती करणाऱ्याने हात लावायचा नाही असे ठरले होते. बोलीतील अनुस्वार आणि लेखी मराठीतील एकार दोन्ही वाचकाला चालतात. मग ज्या शब्दाला कोणी हात लावणार नाही, त्याची चूक मोजून कामाचा अंदाज कसा येईल? ते दोन वगळले की ३ भागिले ११, म्हणजे २७ टक्के.

या साऱ्या प्रकरणाचा कणा इथेच आहे. कॅप्शन कशी दुरुस्त करायची याच्या सूचना आधी लिहून काढायच्या आणि मग त्याच सूचनांप्रमाणे दोन्ही प्रती साफ करून दर काढायचा. दुरुस्त करणारा जे सोडून देणार ते मोजणीतही सुटले पाहिजे आणि तो जे सुधारणार ते मोजणीत आलेच पाहिजे. अनेक ठिकाणी क्रम उलटा असतो: दर एका तयार नियमावलीने काढला जातो आणि दुरुस्ती दुसऱ्याच नियमांनी होते, आणि नंतर अंदाज का चुकला याची चर्चा रंगते. आमच्या सूचना एका पानात मावल्या. ‘अं’, ‘हां’ आणि अर्धवट तोडलेले शब्द लिहायचे नाहीत. सन आणि रकमा अंकांतच लिहायच्या, म्हणजे वक्ता ‘एकोणीसशे सदुसष्ट’ म्हणाला तरी ‘१९६७’. बोलीची रूपे बदलायची नाहीत. स्थानिक शब्द ठरलेल्या यादीप्रमाणे लिहायचे. आठवणींच्या गटाचा कच्चा दर ४३ टक्के होता, तो या सूचनांनुसार ३१ वर आला. यंत्र तेच आणि ध्वनीही तोच. कमी झाले ते न करायच्या कामाचे आकडे.

सफाई करताना देवनागरीत काही खाचखळगे आहेत आणि ते इंग्रजीसाठी लिहिलेल्या साधनांत लपलेले असतात. विरामचिन्हे काढण्यासाठी सर्रास वापरली जाणारी `re.sub(r"[^\w\s]", "", s)` ही ओळ मराठीवर चालवली, तर पायथनच्या `re` मध्ये मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त `\w` मध्ये येत नसल्याने तेही पुसले जातात. ‘केला’, ‘केली’ आणि ‘केले’ या तिन्हींचे ‘कल’ होते, आणि लिंग-वचनाच्या सर्व चुका बेमालूम अदृश्य होतात. बोलणे ऐकून लिहून देणाऱ्या `whisper` या प्रणालीसोबत येणारा `BasicTextNormalizer` हा सफाईचा भाग अशा चिन्हांच्या जागी मोकळी जागा घालतो, त्यामुळे ‘केला’चे ‘क ल’ असे दोन तुकडे होतात आणि शब्दसंख्याच बदलते. दर संशयास्पद कमी आला, तर साफ केलेली एक ओळ छापून डोळ्यांनी वाचावी. मात्रा उडालेल्या असतील तर क्षणात कळते.

दुसरा खळगा खास मराठीचा आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे `NFC` रूप केल्यानेही हा भेद मिटत नाही. आमच्या दोन लेखनिकांचे कळफलक वेगळे असल्यामुळे ‘सगळ्या शेतकऱ्यांच्या’ अशा वाक्यांत माणसा-माणसांतही खोट्या चुका दिसत होत्या. वापरलेली सफाई एवढीच:

```python
import re, unicodedata, jiwer

def saf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub("[\u200b\u200c\u200d]", "", s)
    s = re.sub(r"[।,.?!;:\"'()\-]", " ", s)
    s = re.sub(r"(?<=[क-ह])ं(?=\s|$)", "े", s)
    return " ".join(s.split())

r = jiwer.process_words(saf(khari), saf(yantra))
print(r.wer, r.substitutions, r.deletions, r.insertions)
```

शेवटून दुसऱ्या `re.sub` मध्ये फक्त ठरावीक चिन्हे काढली आहेत, तर शेवटच्यात शब्दाच्या अंती मात्रा नसलेल्या व्यंजनावरील अनुस्वाराचा एकार केला आहे. दोन्ही प्रतींवर तोच नियम चालत असल्याने ‘एवं’चे ‘एवे’ झाले तरी जुळणी बिघडत नाही.

शब्दयोगी अव्ययांचा प्रश्न मात्र एका ओळीत सुटला नाही. यंत्र वारंवार ‘करण्या साठी’, ‘बांधा मुळे’, ‘वाड्या वर’ असे तोडून लिहीत होते. मोजणीत अशी एक तोड दोन चुका ठरते, एक बदललेला शब्द आणि एक वाढीव. प्रत्यक्षात ती सुधारायला एकदा मागे खोडणे पुरते. साठी, मुळे, मध्ये, पर्यंत, प्रमाणे अशी दहा-बारा अव्यये आधीच्या शब्दाला जोडून दर काढला आणि किती जोडावी लागली हे वेगळे लिहून ठेवले. ही जोडणी शोध-बदल करून एकदमच होते, म्हणून ती माणसाच्या वेळेत धरली नाही.

इतके झाल्यावर दर हाती आले: व्याख्याने १४ टक्के, आठवणी ३१ टक्के, गप्पा ५८ टक्के. आठवणींतील २,२१० शब्दांत ४४८ बदललेले, १७२ गळलेले आणि ६५ वाढीव निघाले. नमुना पुरेसा होता का हे पाहण्यासाठी तुकडे पुन्हा पुन्हा परत टाकत निवडून दर काढला. निवड शब्दांची न करता संपूर्ण तुकड्यांची केली, कारण चुका गठ्ठ्याने येतात आणि एका तुकड्यातील शब्द एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. आठवणींचा दर २५ ते ३७ च्या दरम्यान हलत राहिला, गप्पांचा ५१ ते ६६, व्याख्यानांचा ११ ते १७. ही रुंदी कमी करायला आणखी तुकडे घ्यावेत का, हे दुरुस्तीचा उंबरठा कुठे आहे, म्हणजे किती टक्क्यांच्या वर दुरुस्तीपेक्षा नव्याने टंकणे परवडते, यावर अवलंबून होते.

उंबरठा शोधण्यासाठी घड्याळ लावले. त्याच तुकड्यांपैकी काही एका तिसऱ्या व्यक्तीने यंत्राच्या प्रतीवरून दुरुस्त केले आणि काही कोऱ्या फायलीत टंकित केले. नव्याने टंकित करताना चित्रीकरणाच्या दर मिनिटाला व्याख्याने आणि आठवणी यांना सुमारे ७ मिनिटे, तर गप्पांना १० मिनिटे लागली. दुरुस्तीला व्याख्यानांत २.८ आणि आठवणींत ४.७ मिनिटे लागली. मिनिटाला ११० शब्द धरले तर पहिल्यात मिनिटामागे सुमारे १५ चुका, दुसऱ्यात ३४. म्हणजे १९ जादा चुकांना १.९ मिनिटे, एका चुकीला सहा सेकंद. चुका शून्य असत्या तरी ऐकणे, थांबणे, विरामचिन्हे आणि ओळी तोडणे यांत १.३ मिनिटे जातातच.

याच सरळ रेषेने गप्पांना ७.७ मिनिटे लागायला हवी होती. घड्याळात ११ भरली. नव्याने टंकायला लागतात त्याहून ती जास्त आहेत. शेजारी बसून पाहिले तर कारण उघड झाले. चुका विखुरलेल्या असतात तेव्हा माणूस एक शब्द बदलून पुढे जातो. सलग आठ-दहा शब्द चुकलेले असतात तेव्हा तो आधी ते वाचतो, त्यातून काही वाचवता येईल का याचा विचार करतो, ध्वनी मागे नेतो, आणि शेवटी सगळे पुसून नव्याने लिहितो. चुकीचे वाक्य कानातल्या वाक्याशी झगडत राहते, म्हणून ऐकणेही दोनदा-तीनदा होते. सहा सेकंदांचा भाव तिथे लागू पडत नाही. सरळ रेषेने उंबरठा ५२ टक्क्यांवर येत होता. परंतु आठवणींतील ४७ आणि ४९ टक्क्यांच्या दोन तुकड्यांनाच जवळपास सात मिनिटे लागली होती, म्हणून उंबरठा ४५ वर धरला. आठवणींची ३७ ही वरची कड त्याच्या खाली आणि गप्पांची ५१ ही खालची कड त्याच्या वर होती. आणखी तुकडे घेऊन निर्णय बदलणार नव्हता, म्हणून नमुना तेवढाच ठेवला.

गप्पांचा दर एवढा का, हे पाहताना खऱ्या प्रतीत प्रत्येक शब्दाला मराठी की कोंकणी अशी खूण केली. सुमारे एक तृतीयांश शब्द कोंकणीचे निघाले. पेडण्याच्या ओसरीवर माणूस प्रश्नकर्त्याशी मराठीत आणि शेजारच्याशी आपल्या बोलीत बोलतो, कधी एकाच वाक्यात दोन्ही. मराठी शब्दांवरील दर ४४ टक्के होता, कोंकणी शब्दांवरील ८५. यंत्राला भाषा मराठी अशी सांगितली होती आणि ते कोंकणी वाक्याला इमानदारीने मराठीसारखे दिसणारे रूप देत होते. ही चूक वाचून ओळखता येत नाही, कारण वाक्य व्याकरणात बसलेले असते. एकत्र ५८ टक्के हा आकडा म्हणजे दोन निराळ्या परिस्थितींची बेरीज होती.

आठवणींतही सरासरीच्या मागे मोठी तफावत होती: एका निवृत्त मुख्याध्यापकांचा दर १९, तर ‘भाटकार’, ‘मुंडकार’, ‘रेजिदोर’ असे शब्द सतत वापरणाऱ्या एका मच्छीमाराचा ४९. तिथे ‘भाटकार’चे ‘भटकर’ आणि ‘रेजिदोर’चे ‘रजिस्टर’ होत होते. म्हणून उरलेल्या प्रत्येक मुलाखतीची दोन मिनिटे तपासून ४५ च्या वर असलेल्या नव्याने टंकायच्या ठरवल्या. उंबरठ्याच्या आसपासच्या मुलाखतींवर फार खल केला नाही. तिथे दोन्ही मार्गांचा खर्च जवळपास सारखाच असतो, आणि चुकीचा मार्ग निवडला तरी तासाभरामागे काही मिनिटांचेच नुकसान होते.

तासांचा हिशेब असा बसला. व्याख्याने १४ तास गुणिले २.८ म्हणजे सुमारे ३९ तास. आठवणी १५ गुणिले ४.७ म्हणजे सुमारे ७० तास. गप्पा नव्याने, ७ गुणिले १० म्हणजे ७० तास. एकूण सुमारे १८०. सगळेच नव्याने टंकायचे झाले असते तर २७३ तास लागले असते. समितीतील एकाने साहजिकच विचारले, की व्याख्यानांचा दर १४ आहे तर ती न ऐकता नुसती वाचून दुरुस्त केली तर आणखी तास वाचतील का? याचे उत्तर एकूण दरात नव्हते. चुका कोणत्या प्रकारच्या आहेत यात होते. बदललेला शब्द वाचताना खटकतो. गळलेला शब्द खटकत नाही. ‘फळी बदलली तर खारे पाणी चढते’ हे वाक्य वाचणाऱ्याला कुठेही अडखळायला लावत नाही, आणि ते वक्त्याच्या सांगण्याच्या नेमके उलट आहे. व्याख्यानांतील ३१६ चुकांपैकी ८१ शब्द गळलेले होते, म्हणजे चारातली एक चूक वाचनाने सापडणारच नव्हती. शब्द-त्रुटी-दर ‘नाही’ आणि ‘आणि’ यांना एकाच तराजूत तोलतो, म्हणून नकार, सन, रकमा, सर्व्हे क्रमांक आणि गावांची नावे यांची वेगळी यादी करून त्यांच्या चुका स्वतंत्रपणे मोजल्या.

समितीने व्याख्यानेही ध्वनी ऐकूनच दुरुस्त करायची ठरवली. स्थानिक शब्दांची यादी शिक्षिकाबाईंकडे दिली. ती दर आठवड्याला वाढत गेली. गप्पांची चित्रीकरणे पेडण्याची बोली घरी बोलणाऱ्या दोघांकडे सोपवली आणि कोंकणी वाक्ये कोंकणीतच लिहून त्यांखाली मराठी अर्थ द्यावा असे ठरले. त्या जादा कामाचा वेळ १० मिनिटांच्या भावात धरलेला नाही, तो पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा घड्याळ लावून मोजायचा आहे.